पांढऱ्या नळीतलं पाणी

सिरमचा रंग मला फार आवडतो. रक्त गोठून सेंट्रिफ्यूजमधून फिरून आलं की लाल गुठळी तळाशी बसते आणि वर फिकट पिवळा, नितळ द्रव उरतो. नळीमागे बोट धरलं तर नखाची कडासुद्धा दिसते. पण अधूनमधून अशी एखादी नळी हातात येते की तिच्यामागचं बोट दिसतच नाही. वरचा सगळा द्रव दुधासारखा पांढरा झालेला असतो.

दूध ज्या कारणाने पांढरं दिसतं, त्याच कारणाने हे सिरमही पांढरं दिसतं. पाण्यात तरंगणारे चरबीचे कण प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत, चहूकडे उधळून देतात. जेवणातली चरबी आतड्यातून रक्तात येते ती कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांमधून. यकृत स्वतःची चरबी व्हीएलडीएल या लहान कणांमधून पाठवतं. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते या कणांतली चरबी फोडतं, पेशींना देतं आणि काही तासांत रक्त पुन्हा नितळ होतं. बेसुमार वाढलेला मधुमेह, दारू, काही औषधं किंवा जन्मतःच जनुकांत असलेला दोष यांमुळे हे काम रेंगाळलं, की कण साचत जातात. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला तीनशेच्या पुढे गेलं की गढूळपणा डोळ्यांना जाणवू लागतो. हजारांच्या घरात गेलं की दूध.

अशी नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी वर साय धरलेली दिसते. ती कायलोमायक्रॉनची. खालचा द्रव तरीही गढूळच राहिला, तर तो व्हीएलडीएलचा. कोणतंही यंत्र न लावता होणारी ही तपासणी मला आजही सुंदर वाटते. मात्र पोटात कळा घेऊन आलेल्या माणसासाठी सकाळची वाट बघता येत नाही.

असाच चाळिशीतला एक माणूस रात्री दाखल झाला होता. वरच्या पोटात दुखत होतं, कळ पाठीत जात होती आणि मधुमेहाच्या गोळ्या त्याने बऱ्याच दिवसांपासून सोडल्या होत्या. सिरम पांढरंफेक. अमायलेज नॉर्मल आणि सोडियम १२६. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांचा फोन आला.

“मॅडम, पेशंट शुद्धीवर आहे, व्यवस्थित बोलतोय. पण सोडियम इतकं कमी आहे, तर तीन टक्के सलाईन सुरू करू का?”

“जरा थांबा. आयसीयूतल्या ब्लड गॅसच्या मशीनवर सोडियम बघा आणि मला कळवा.”

तिथे सोडियम १३५ आलं.

एकाच माणसाच्या एकाच वेळच्या रक्तात दोन सोडियम कसे? दोन्ही यंत्रं ठीक होती आणि इलेक्ट्रोडही दोन्हीकडे सारख्याच जातीचे होते. फरक पडला तो त्याआधीच्या पायरीवर. सोडियम चरबीत राहत नाही, प्रथिनांतही नाही; ते राहतं फक्त पाण्यात. नेहमीच्या सिरममध्ये शंभर भागांतले सुमारे ९३ भाग पाणी असतं. प्रयोगशाळेचा मोठा अ‍ॅनालायझर सिरमचा मोजून घेतलेला थेंब आधी कितीतरी पट पातळ करतो आणि मग मोजतो. त्या थेंबात ९३ टक्के पाणी आहे, हे तो गृहीत धरून चालतो. या माणसाचं ट्रायग्लिसराइड होतं ६२००. सगळी चरबी धरली तर लिटरमागे सत्तरेक ग्रॅम. तिने थेंबातली जागा व्यापली आणि पाणी उरलं ८७ टक्क्यांच्या आसपास. १३५ ला ८७ ने गुणून ९३ ने भागा, १२६ येतं. यंत्राने मोजायचं ते नीटच मोजलं होतं, फक्त थेंबात त्याच्या हिशोबापेक्षा पाणी कमी होतं. ब्लड गॅसचं मशीन रक्त पातळ न करता थेट इलेक्ट्रोडवर घेतं. तिथे चरबी शेजारी असली तरी मोजमाप पाण्यातल्या सोडियमचंच होतं, आणि शरीराच्या पेशींना कळतं तेही तेच. (१३५ देखील किंचित कमी आहे, साखर जवळजवळ ३०० होती, तिने पेशींतलं पाणी बाहेर ओढलं. ती घट खरी, पण साखर उतरली की आपोआप भरून येणारी.)

तीन टक्के सलाईन गेलं असतं, तर पुरेसं सोडियम असलेल्या रक्तात आणखी सोडियम ओतलं गेलं असतं. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

जांभळ्या झाकणाच्या नळीचीही तीच कथा, पण कारण वेगळं. हिमोग्लोबिन १७.८ आणि हिमॅटोक्रिट ४२. भागाकार केला तर एमसीएचसी ४२ च्या वर जातो. तांबड्या पेशीत इतकं हिमोग्लोबिन मावतच नाही. ३६-३७ च्या पुढचा आकडा दिसला की आधी नमुन्यावर संशय घ्यावा. काउंटर पेशी फोडून हिमोग्लोबिनचा रंग प्रकाशाने मोजतो. चरबीने उधळलेला प्रकाशही पलीकडे पोचत नाही, आणि यंत्राला वाटतं, तो हिमोग्लोबिनने शोषला. आम्ही थोडं रक्त फिरवून नुसता प्लाझ्मा काउंटरवर चालवला. त्यात लाल काहीच नव्हतं, तरी ‘हिमोग्लोबिन’ आलं ६.२. रक्तात प्लाझ्माचा वाटा ५८ टक्के, म्हणजे ३.६ फुकटचे. ते वजा केले, १४.२ उरले. हिमॅटोक्रिटला तीनने भागलं तरी चौदाच येतात. असा मेळ बसला की मला अजूनही आतून समाधान वाटतं.

उरला तो अमायलेजचा प्रश्न. इतक्या ट्रायग्लिसराइडने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि नेमक्या त्याच रुग्णांत अमायलेज खोटं नॉर्मल दिसू शकतं. सिरम दहापट पातळ करून मोजलं आणि उत्तर दहाने गुणलं, तर ते नॉर्मलच्या तिपटीवर गेलं. लायपेजही तसंच वाढलेलं होतं. पातळ केल्यावर असं वाढतं, याचा अर्थ मूळ नमुन्यात काहीतरी अडथळा होता. असं नॉर्मल अमायलेज पाहून स्वादुपिंडाचा विचार सोडून देऊ नये, एवढं मी प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरांना सांगते.

बाकीच्या तपासण्यांसाठी आम्ही सिरम वेगाने फिरवून चरबी वर काढली आणि खालचा नितळ भाग घेतला. पण मूळ नळी तशीच ठेवली, कारण ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल त्या नितळ भागावर करता येत नाहीत. आपण तर चरबीच काढून टाकलेली असते. चरबीत विरघळणारी काही औषधं आणि हार्मोन्सही तिच्याबरोबर निघून जातात. एलडीएल नेहमीच्या सूत्राने काढायचं नाही, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असलं की ते सूत्र लागूच पडत नाही.

आधुनिक यंत्रं गढूळपणाचा आकडा स्वतःच देतात, आणि कोणत्या तपासणीला किती गढूळपणा चालतो हे किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. पण त्या मर्यादा बहुतेक वेळा शिरेतून द्यायचं चरबीचं इंजेक्शन सिरममध्ये मिसळून ठरवलेल्या असतात. त्याचे कण आणि माणसाच्या रक्तातले लहानमोठे कण सारखे नसतात. म्हणून आकडा हिरवा असला तरी पांढऱ्या नळीला मी मोकळं सोडत नाही. आता नळ्या बंद पट्ट्यावरून थेट यंत्रात जातात, कुणाची नजर त्यांच्यावर पडत नाही. मला हे खटकतं.

त्या रात्रीच्या रिपोर्टवर आम्ही लिहिलं: नमुना तीव्र लायपेमिक, सोडियम थेट पद्धतीने १३५, हिमोग्लोबिन प्लाझ्माची दुरुस्ती करून. इन्सुलिन आणि उपवासावर चौथ्या दिवशी त्याचं ट्रायग्लिसराइड ७८० वर आलं, आणि दोन्ही यंत्रांवरच्या सोडियममध्ये फक्त एकाचा फरक उरला.