‘घरचे काय म्हणतील?’ हा प्रश्न भित्र्यांचा नाही

आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांचं जाहीर समर्थन करणारे आपण कार्यकर्ते एका साध्या प्रश्नाला बिचकतो. दोन माणसं एकमेकांना आवडली, की ‘तुझ्या घरी काय म्हणतील?’ असं विचारणं म्हणजे जातीपुढे मान तुकवणं, असा एक समज चळवळीत आहे. प्रेम केलंय ना, मग घरच्यांना कशाला विचारायचं! मला हा समज मान्य नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बेटीव्यवहार हाच खरा उपाय असं सांगितलं, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच ठिकाणी त्यांनी हेही मांडलंय की लोक जात पाळतात ती दुष्टपणामुळे नाही. त्यांचा धर्म त्यांना तसं शिकवतो, म्हणून पाळतात. घरच्यांचा विरोध जर शिकवलेला असेल, तर त्याचा अंदाजही आधी करता येतो. मग तो का करू नये?

खरी गोष्ट अशी की हा अंदाज दोघांपैकी एकाला आधीच असतो. ज्याचं घर, त्यालाच त्या घराच्या खाचाखोचा माहीत. पण तोच माणूस ‘आमच्या घरी कोणी जातबीत मानत नाही’ असं सहज म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या घराची परीक्षा कधी झालेलीच नसते. आणि आपली मुलगी किंवा मुलगा गप्प बसतो. आपणच जातीचा विषय काढला तर ‘तुम्ही लोक सगळीकडे जातच बघता’ हे ऐकावं लागेल, ही धास्ती. जोखीम एकाची आणि माहिती दुसऱ्याकडे, अशी ही विषम वाटणी आहे. प्रश्न लवकर विचारायचा तो ही वाटणी मोडण्यासाठी.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी बौद्ध, नांदेड जिल्ह्यातली, पुण्यात एका सरकारी बँकेत राखीव जागेवर लागलेली. मुलगा मल्याळी, कोट्टयम जिल्ह्यातला, सिरो-मलबार कॅथलिक. दोघांची आपसातली भाषा हिंदी आणि थोडी इंग्रजी. दीड वर्षाची ओळख. ‘ताई, रजिस्टर लग्नाचा फॉर्म कुठे मिळतो तेवढंच सांगा,’ एवढंच त्यांचं म्हणणं. घरचं विचारलं तर मुलगा म्हणाला, माझे आईवडील देवभोळे आहेत, चर्चला जातात, पण आमच्यात जात नसते. मुलगीही त्यावरच निश्चिंत होती. सवर्ण हिंदू घरापेक्षा हे बरं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

‘ते स्वीकारतील का?’ हा प्रश्न मी विचारला नाही. त्याचं उत्तर आशेवर दिलं जातं. मी विचारलं, तुझ्या नात्यात शेवटचं बाहेरचं लग्न कोणी केलं आणि आईने त्या माणसाला शेवटचं कधी जेवायला बोलावलं? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आईच्या एका चुलतभावाने लॅटिन कॅथलिक मुलीशी लग्न केलं. तीही कॅथलिकच, पण किनारपट्टीवरच्या कोळी समाजातली. त्या घरी अजून जाणं-येणं नाही. म्हणजे जात नाही म्हणणाऱ्या घरात जात होती, आणि ती त्याला ठाऊकही होती. फक्त तिला तो ‘जात’ म्हणत नव्हता. केरळातले सिरियन ख्रिस्ती परंपरेने स्वतःला सेंट थॉमसने बाप्तिस्मा दिलेल्या ब्राह्मणांचे वंशज मानत आले, आणि दलित ख्रिश्चनांना त्यांच्यापासून दूर राहावं लागलं. धर्म बदलला म्हणून जात सुटत नाही, हे आपण एरवी भाषणात सांगतो. सासर निवडताना विसरतो.

दुसरा प्रश्न चर्चचा होता. कॅथलिक माणसाला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर धर्मसत्तेची खास परवानगी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी आपण शक्य ते सगळं करू असं वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावं लागतं. त्या वचनाची कल्पना दुसऱ्या जोडीदाराला द्यावी, असंही चर्चचा कायदाच सांगतो. मुलाला हे माहीत होतं. ‘वेळ आली की बघू’ म्हणून तो बोलला नव्हता. ती माझ्या घरी, चहाचा कप हातात घेऊन, हे पहिल्यांदा ऐकत होती.

आणि यापुढची पायरी नातेवाईकच सुचवतात, अगदी प्रेमाने. कशाला एवढी परवानगी, मुलीनेच बाप्तिस्मा घेतला की झालं, एका दिवसाचा तर कार्यक्रम. बोलणाऱ्याला तो कार्यक्रम वाटतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीला तो काय वाटेल ते वेगळं, पण कायद्याची बाजूही साधी नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख आणि (१९९० पासून) बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा आहे. ख्रिस्ती माणसाशी नुसतं लग्न केल्याने तिची जात बदलत नाही. पण तिने स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर तो दर्जा जातो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका महिलेचं अपील याच मुद्द्यावर फेटाळलं: ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागायचा, हे चालणार नाही. म्हणजे सासूच्या एका ‘छोट्या’ इच्छेत हिची राखीव जागा, पुढच्या बढत्या, सगळं अडकलेलं. ही गोष्ट साखरपुड्याच्या बोलणीत कळणं आणि सहाव्या महिन्यात कळणं, यात किती फरक आहे!

राहिला तो फॉर्म. बौद्ध आणि हिंदू यांचं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसतं, कारण त्या कायद्यात बौद्धही येतात. तिथे नोटिशीची भानगड नाही. बौद्ध आणि ख्रिस्ती असेल तर दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करायला १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे पुण्यात गुपचूप लग्न करू म्हणणाऱ्या या दोघांचा कागद नांदेडलाही लागणार आणि कोट्टयमलाही. कायद्याने आक्षेप फक्त वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक स्थिती अशा कारणांवरच घेता येतो, जात-धर्मावर नाही. पण गावातल्या माणसाला आक्षेप घ्यायची गरजच काय? त्याने बापाला चौकात ‘अभिनंदन’ म्हटलं की काम झालं. घरच्यांना आपल्या तोंडून सांगायचं की नोटीस बोर्डाच्या, हे तेव्हाच ठरवावं लागतं.

ते दोघं परत गेले आणि दोन महिने फक्त बोलले. काय विचारायचं यापेक्षा कसं विचारायचं, हे मुलीने मला नंतर सांगितलं ते मी आता इतरांनाही सांगते. ‘तुझ्या घरचे जातीयवादी आहेत का?’ असं विचारलं की समोरचा त्याच्या घराचा वकील होतो. तिने आधी आपलं घर उघडं केलं. माझी आई रडेल आणि आठ दिवस बोलणार नाही, बाबा विचारतील की नातवंडं कोणत्या धर्माची, आणि मामा म्हणेल की आपल्यात मुलं मेली होती का. आता तुझ्याकडचं सांग. मग तोही सांगू लागला, एकेका माणसाचं नाव घेऊन. वडील बोलणार नाहीत, पण मस्कतला नर्स असलेल्या मोठ्या बहिणीचं ऐकतात. म्हणून आधी बहिणीला, मल्याळीत, फोनवर. भाषेचंही तिने तेव्हाच काढलं: स्वयंपाकघरात सगळ्या मल्याळी बोलत असतील आणि माझं नाव ऐकू येईल, तेव्हा तू मला काय सांगशील? तो म्हणाला, जे असेल ते. ‘काही नाही, असंच’ म्हणणार नाही. मला हे वचन चर्चच्या वचनाइतकंच मोठं वाटतं.

बाप्तिस्मा घेणार नाही, मुलं मोठी झाल्यावर त्यांचं ती ठरवतील, एवढं पक्कं झाल्यावर त्याला चर्चमध्ये ते वचन देता येईना. चर्चमधलं लग्न तिथेच संपलं. दोन्ही घरी सांगून मग नोटीस दिली. लग्नाला त्याची आई आली नाही. बहीण आली, तीन साक्षीदारांतली एक सही तिची आहे.

आता आपल्या घरांचं. या मुलीच्या वडिलांचा पहिला प्रश्न धम्माचा होता, तो मी समजू शकते. पण मुलाने मातंग किंवा चर्मकार मुलगी आणली तर भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या घरात जी शांतता पसरते, ती मी पाहिली आहे. मुसलमान जावई म्हटलं की आपलीही माणसं व्हॉट्सअॅपवरचं बोलू लागतात. म्हणून ‘माझं घर आंबेडकरी आहे, काळजी नको’ हेही वाक्य तपासून घ्यावं, ‘आमच्यात जात नसते’ या वाक्यासारखंच.

काहींचा आक्षेप असा, की हाच प्रश्न सरकारही विचारतं. राज्य सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती काढली, अशा जोडप्यांची आणि त्यांच्या माहेरची माहिती गोळा करायला. पण तिथे विचारणारा तिसरा आहे आणि उत्तर फाइलीत जातं. दोघांनी एकमेकांना विचारणं म्हणजे पाळत नव्हे.

आणि या सौम्यपणाला हद्द आहे. रडणं, अबोला, लग्नाला न येणं, पैसे बंद करणं या एका जातीच्या गोष्टी. भाऊ फोन तपासतो, नात्यातल्या एखाद्या मुलीला पूर्वी कोंडून घातलं होतं किंवा घाईघाईने दुसरीकडे उजवलं होतं, गावातलं घराचं वजन ‘इज्जती’वर उभं आहे, ही वेगळी जात. सोनई २०१३ मध्ये झालं, खर्डा २०१४ मध्ये. अशी उत्तरं आली तर घरी आधी सांगू नका, समजूत घालायला एकट्याने गावी तर मुळीच जाऊ नका. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिलेले आहेत. त्याचा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना नोटिशीच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेची एक प्रत तिसऱ्या माणसाकडे ठेवा.