दुसऱ्याच्या हातातलं माप

सीएनसी लेथवर सेटर असताना शिफ्ट संपली की माझं काम मला मोजता यायचं. ट्रेमध्ये रचलेले जॉब, त्यांतला प्रत्येक मापात, आणि बाजूच्या लाल क्रेटमध्ये जवळजवळ काही नाही. घरी जाताना तो आकडा डोक्यात असायचा आणि तो माझा असायचा. मग सहा मशीनच्या लाइनचा इन्चार्ज म्हणून ऑर्डर हातात आली. त्या दिवसापासून संध्याकाळच्या आकड्यात माझ्या हातचा एकही जॉब नव्हता. हा बदल काय असतो हे पगाराच्या कागदावरून कळत नाही. मला ते एका साध्या हिशोबावरून कळलं.

आमच्याकडे बेअरिंग हाउसिंग चालायचं. एका जॉबला तीन मिनिटं. आठ तासांच्या शिफ्टमधून चहा, जेवण, साफसफाई वजा केली की सात तास हाती उरतात, म्हणजे एका मशीनवर एकशेचाळीस जॉब आणि सहा मशीनवर आठशेचाळीस. आता मी कितीही हुशार असलो तरी तीन मिनिटांचं सायकल माझ्यामुळे दोन मिनिटांचं होत नाही. माझी हुशारी सेटिंगमध्ये होती. इतरांना दीड-दोन तास लागायचे तिथे मी पाऊण तासात नवा जॉब लावून पहिला पीस मापात काढायचो. म्हणून इन्चार्ज झाल्यावर पहिला मोह हाच होता, की सगळी सेटिंग आपणच करावीत. पण दोन मशीनचं सेटिंग एकाच वेळी आलं की मी एकीवर असेन, दुसरी पाऊण तास उभी राहील, आणि तिथे पंधरा जॉब गेले. शिवाय माझं डोकं चकमध्ये असताना उरलेल्या चार मशीनवर काय चाललंय हे मला दिसणारच नाही. जो सेटर दोन तास लावतो त्याला सव्वा तासावर आणणं हे माझ्या पाऊण तासापेक्षा मोठं काम होतं, कारण ते मी नसतानाही चालू राहणार होतं.

हे कागदावर पटतं. हाताला पटायला फार वेळ लागतो. समोरचा माणूस टूल बदलताना चुकीचा पाना उचलतो, शोधत बसतो, आणि आपले हात शिवशिवतात. 'सरक बाजूला, मी करतो' हे वाक्य तोंडाशी येतं. त्या क्षणी मशीन लवकर चालू होतं हेही खरंच असतं. म्हणून तर ते सोडवत नाही.

एक प्रसंग नीट सांगतो. हाउसिंगचा बोअर ५२ मिमी, एच ७, म्हणजे ५२.००० ते ५२.०३०. तीस मायक्रॉनची जागा. लातूरकडून आयटीआय करून आलेला एक पोरगा त्या मशीनवर होता. मनापासून काम करणारा. प्रत्येक जॉब मोजायचा आणि वहीत लिहायचा. वहीतले सगळे आकडे मापात होते. तरी सकाळी तपासणी खोलीतून अख्खा ट्रे परत आला. गो गेज आत जात नव्हतं, बोअर टाइट. पोरगा पांढराफटक पडला होता.

"सर, मी मोजलेत हो सगळे," तो म्हणाला.

"मोजलेस ते दिसतंय. आता कसं मोजलंस ते मला करून दाखव."

त्याने करून दाखवलं. दरवाजा उघडला, जॉब काढला, हवा मारली आणि लगेच बोअर गेज आत घातलं. बाकी सगळं बरोबर. गेज आत हलकेच झुलवून सगळ्यांत कमी वाचन घ्यायचं, तेही त्याने बरोबर घेतलं. पण जॉब गरम होता, आणि गेज ज्या रिंगवर शून्याला लावलेलं होतं ती रिंग पंख्याखालच्या टेबलावर गार पडली होती. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ५२ मिमीच्या बोअरला दहा अंशांचा फरक पडला तर सहा मायक्रॉन. त्यातून इन्सर्ट झिजत गेलं की बोअर लहान होत जातो. वहीतला ५२.००४ रात्रभर गार झाला की ५१.९९८ निघतो. पोराच्या वहीत एकही आकडा खोटा नव्हता.

मी स्वतः कधीच असं मोजत नसे. काढलेला जॉब रिंगच्या शेजारी ठेवायचो, पुढचे दोन-तीन जॉब निघेपर्यंत त्याला हात लावायचो नाही आणि मग मोजायचो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आपण असं करतो हेच मला ठाऊक नव्हतं. उत्तम कारागिराची अडचण इथे असते. त्याचं निम्मं कसब त्याच्या हातांनी त्याला न विचारता जमवलेलं असतं. त्याला ते शब्दांत आणावं लागत नाही, कारण काम तोच करणार असतो. इन्चार्ज झाल्यावर मात्र तेच शब्दांत आणणं हे काम होऊन बसतं.

अमेरिकेत १९४० मध्ये हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कधी मशीन न पाहिलेली माणसं भरती होत होती आणि त्यांना शिकवायला जुने कारागीरच होते. सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला. त्यातल्या एका अभ्यासक्रमात सुपरवायझरला दहा तासांत शिकवायचं कसं तेवढंच शिकवत. आधी माणसाला तयार करा, मग काम दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून जाऊन बघत राहा. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांनी ती टिकवली. मला तिच्यातला एक कागद सगळ्यांत मोलाचा वाटतो. शिकवण्याआधी सुपरवायझरने स्वतःसाठी तो करायचा असतो. कामाची पायरी कोणती, तिच्यातली मेख कोणती आणि ती मेख का, एवढंच त्यात लिहायचं. आम्ही आमच्या बोअरच्या मोजणीचा तसा कागद मराठीत केला. 'जॉब रिंगशेजारी ठेवा' ही पायरी, 'पुढचे तीन जॉब निघेपर्यंत' ही मेख, आणि 'गरम बोअर मोठा दिसतो' हे कारण. कारण लिहिलेलं नसलं की घाईच्या दिवशी पहिल्यांदा तीच पायरी गाळली जाते.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट सापडली. पोरगा प्रत्येक जॉबनंतर वेअर ऑफसेट बदलत होता. तीन मायक्रॉन मोठा आला की तीन कमी कर, चार लहान आला की चार वाढव. यात आळस कुठेच नाही, उलट फार काळजी आहे. पण मशीनचं स्वतःचं थोडं मागेपुढे असतंच. समजा ते आठ मायक्रॉन इकडे, आठ तिकडे असेल. प्रत्येक पीसची अशी सहज आलेली चूक तुम्ही पुढच्या पीसवर वळती केली, तर फरक कमी होत नाही, साधारण दीडपटीकडे जातो. आठाचे अकरा होतात. एडवर्ड्स डेमिंग हे नरसाळ्यातून गोळी टेबलावर सोडून दाखवत. प्रत्येक गोळीनंतर नरसाळं सरकवणाऱ्याच्या खुणा, ते जागेवर ठेवणाऱ्यापेक्षा जास्त पसरलेल्या असत. म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येक पाचवा जॉब मोजायचा आणि आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं. टिंबं वरखाली नाचत असतील तर हात लावायचा नाही. ती सलग खाली उतरू लागली आणि ५२.००८ ला टेकली, की दहा मायक्रॉन द्यायचे. उतरणारी टिंबं म्हणजे इन्सर्टची झीज. नाचणारी टिंबं म्हणजे मशीनचा स्वभाव.

हा आलेख बघताना मला माझ्या कामाबद्दल जे कळलं ते कुठल्या व्याख्यानातून कळलं नसतं. एखाद्याचा एक जॉब बिघडला, एखादा दहा मिनिटं उशिरा आला, एखाद्याचं सेटिंग एकदा लांबलं, की लगेच जाऊन बोलणारा इन्चार्ज लाइन स्थिर ठेवत नाही, हलवत ठेवतो. माणूस मग जॉबकडे बघायचं सोडून इन्चार्जकडे बघू लागतो. बोलायचं ते टिंबं एका दिशेने जाऊ लागल्यावर.

हाही नियम सगळीकडे लावायचा नाही. बोअर लहान राहिला तर जॉब पुन्हा धरून, थोडा त्रास घेऊन का होईना, वाचवता येतो. मोठा झाला तर तो भंगार. शिकणाऱ्याला मोकळं सोडायचं ते लहान राहण्याच्या बाजूने. पहिला पीस मुद्दाम वीस-तीस मायक्रॉन लहान काढू दे, मोजू दे, ऑफसेट त्याचा त्याला काढू दे. तिथे मी हात मागे बांधून उभा राहू शकतो. पण चकचा दाब न बघता कोणी सायकल चालू करत असेल, किंवा दरवाजाचं इंटरलॉक बांधून ठेवलेलं दिसलं, तर तिथे शिकवणं वगैरे काही नाही. मशीन बंद, त्याच क्षणी, आणि ते मीच करायचं. नव्या इन्चार्जला धीर धरायला सांगणारे पुष्कळ भेटतात. धीर कुठे धरायचा नाही हे सांगणारे कमी.

कागदावर न येणाऱ्याही गोष्टी आहेत. इन्सर्ट जायला आलं की कापण्याचा आवाज बदलतो. तो लिहून दाखवता येत नाही. शेजारी उभं राहून 'हा ऐक' एवढंच म्हणता येतं, आणि तेही त्या वेळी आपण तिथे असलो तर. लाइनवर फिरायचं ते यासाठीसुद्धा. हात गंजू नयेत म्हणून नव्या जॉबची पहिली ट्रायल मी स्वतःकडे ठेवली आहे. स्वतःच्या हाताने पहिला पीस मापात काढण्याचं सुख फार मोठं असतं, आणि बढतीने ते हिरावलं जातं याचं दुःख मला अजून होतं.

लाइनवर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे एक मामा आहेत. मी शिकाऊ असताना त्यांच्या मागे उभा राहून बघत असे. सॉफ्ट जॉ बोअर करण्याचा कागद मी तयार केला तेव्हा तो आधी त्यांच्याकडे नेला. "मामा, यात काय राहिलंय ते तुम्हीच सांगा." त्यांनी चष्मा काढून वाचला आणि विचारलं, "जॉ बोअर करताना दाब किती ठेवतोस?" मी आकडा सांगितला. "आणि जॉब धरताना?" तो वेगळा होता. जॉ एका दाबावर बोअर केले आणि जॉब दुसऱ्या दाबावर धरला, तर जॉ पूर्ण टेकत नाहीत, कडेवर धरतात आणि जॉब किंचित पिळतो. माझ्या पद्धतीने जॉब मापात यायचे, कारण मी तो पीळ नंतर ऑफसेटमध्ये सांभाळून घ्यायचो. मामांच्या पद्धतीने तो मुळात येतच नव्हता. त्या कागदावरची माझी ओळ मी खोडली, तिथे त्यांची लिहिली, आणि पुढच्या सेटिंगला त्या पोराला मामांच्या शेजारी उभं केलं.