बाकी शून्य

दोन दिवस मी केबललाच दोष देत होतो. माझा बोर्ड पाठवत होता, पलीकडचा प्रत्येक पॅकेट नाकारत होता. केबल बदलली, वेग कमी केला, तरी तेच. शेवटी ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "केबल राहू दे. कागद घे आणि सीआरसी हाताने काढ."

खरा सीआरसी सोळा-बत्तीस बिटांचा असतो. त्यांनी तीनच बिटांचा घ्यायला लावला. संदेश 1101, भाजक 1011. इथे प्रत्येक बिट म्हणजे बहुपदीतला एकेक सहगुणक, म्हणून 1011 म्हणजे x³ + x + 1. भागाकार शाळेतलाच, फक्त वजाबाकीत हातचा नाही: बिटं सारखी असली तर 0, वेगळी असली तर 1. भाजकाचा घात तीन, म्हणून आधी संदेशाला तीन शून्यं जोडायची.

```
1101000
1011
----
 1100
 1011
 ----
  1110
  1011
  ----
   1010
   1011
   ----
    001
```

बाकी 001. ती शून्यांच्या जागी बसवली की 1101001 पाठवायचं. बेरीज आणि वजाबाकी इथे एकच असल्यामुळे बाकी मिळवणं म्हणजेच ती वजा करणं. म्हणून पलीकडे याच संख्येला 1011ने भागलं की बाकी 000 येते.

कागदावर हे लिहिताना हात थांबला. माझ्या प्रोग्रॅममध्ये शून्यं जोडलेलीच नव्हती! मी नुसत्या 1101ला भागत होतो. त्याची बाकी 110, म्हणजे जात होतं 1101110. ते भागून पाहिलं तर बाकी 111. तारेत एकही बिट बिघडलं नव्हतं. पलीकडचा बोर्ड बरोबरच नाकारत होता. शेवटी शून्यं सरकवणारा एक छोटा लूप घातला आणि पॅकेट जायला लागले.

मी खुशीत म्हणालो, "म्हणजे बाकी शून्य आली की डेटा बरोबर." त्यांनी काही न बोलता 1101001च्या खाली 0001011 लिहिलं आणि त्यातल्या एकांच्या जागची तीन बिटं उलटवली. झालं 1100010. "भाग."

भागलं. बाकी 000. संदेश मात्र 1101चा 1100 झालेला!

बिघाड स्वतःच भाजकाच्या पटीत असेल तर भागाकाराला तो दिसत नाही. या सात बिटांत एक किंवा दोन बिटं कुठेही उलटली तरी हा भाजक पकडतो; तीन नेमक्या जागी उलटली तर नाही. भाजक मोठा आणि नीट निवडलेला घेतला तर अशा जागा विरळ होतात, संपत नाहीत.

तेव्हापासून बाकी शून्य आली की मी "डेटा बरोबर आहे" म्हणत नाही, "चूक सापडली नाही" म्हणतो. आणि केबलवर आळ घेण्याआधी कागद काढतो.