पाणी कुठून कुठे

पोलादी पाइपातलं पाणी दिसत नाही. वर इन्सुलेशन, त्यावर चकचकीत ॲल्युमिनियम, त्यावर निळे बाण. प्लांट रूममध्ये शिरणारा माणूस त्या बाणांवर विश्वास ठेवतो. माझं काम मात्र बाण खरे आहेत का ते पाहण्याचं. आमच्या भाषेत त्याला कमिशनिंग म्हणतात.

एका नव्या रुग्णालयाच्या तळघरात 200 टनांचे तीन चिलर बसवले होते. सकाळी हँडओव्हर होता. रात्री ऑपरेशन थिएटरपासून वॉर्डांपर्यंत सगळे एएचयू चालू केले आणि तिन्ही मशीन पहिल्यांदाच एकत्र लोडवर घेतली. पहिली दोन शांतपणे सात अंशांचं पाणी देत राहिली. तिसरं तासाभरात बंद पडलं. स्क्रीनवर अलार्म होता, पाण्याचं तापमान फार खाली गेल्याचा. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

मी आकडे वाचले. आत येणारं पाणी साडेचार, बाहेर जाणारं दहा. चिलर पाणी गार करतो, मग बाहेर जाणारं पाणी गरम कसं?

रात्रपाळीचे ऑपरेटर काका अनुभवी. ते म्हणाले, "साहेब, सेन्सर उलटे लागलेत. पॅनेलमध्ये दोन वायरी बदलल्या की झालं."

सुचलेलं चुकीचं नव्हतं. असं नेहमी घडतं. आधीच्या चाचण्यांत इमारत रिकामी होती, दोन तापमानांत जेमतेम अंशाचा फरक पडायचा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वायरी बदलल्या असत्या तर आकडे सरळ झाले असते, मशीन सात अंशांवर स्थिरावलं असतं आणि सकाळी सह्या झाल्या असत्या.

"थांबा काका, आधी प्रेशर बघू."

सेन्सर खोटं बोलत असतील, तर दाब खरं सांगेल. पंपाने ढकललेलं पाणी चिलरमधून जाताना दाब गमावतं, म्हणून शिरण्याच्या टोकाला तो जास्त आणि निघण्याच्या टोकाला कमी असतो. या मशीनची दोन्ही टोकं एकाच उंचीवर होती, त्यामुळे उंचीचा हिशेब धरायचं कारण नव्हतं. दोन गेजांत मूळचाच फरक असू शकतो, म्हणून एकच गेज घेतला. 'इन' लिहिलेल्या टोकाला लावला, काटा 3.1 वर. तोच काढून 'आउट'ला लावला, काटा 3.7 वर. पंप थांबवला, तेव्हा दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर आला. गेज ठीक होता, सेन्सरही ठीक होते. पाणीच उलटं वाहत होतं.

बॅटरी घेऊन पाइपांचा माग काढत गेलो. भिंतीजवळ जागा कमी म्हणून तिसरं मशीन आरशातल्या प्रतिबिंबासारखं मागवलेलं, त्याचं 'इन' दुसऱ्या टोकाला. फिटरने शेजारच्या दोन मशीनप्रमाणेच पाइप नीटनेटके जोडले. वेल्डिंग सुरेख होतं. नंतर बाण चिकटवणाऱ्याने ड्रॉइंग पाहिलं. फ्लो स्विचनेही हाक दिली नाही, कारण तो थर्मल जातीचा. पाणी हलतंय एवढंच त्याला कळतं, कुठल्या दिशेने ते कळत नाही.

आता बंद पडण्याचा अर्थ लागला. मशीन ज्याला आपलं गार केलेलं पाणी समजत होतं, ते इमारतीतून परतलेलं पाणी होतं. ते दहा अंश दिसलं की अजून गार करायला हवं असं समजून मशीन पूर्ण ताकदीने चालत राहायचं. खऱ्या निघण्याच्या टोकाला मात्र पाणी साडेचार, मग साडेतीन, असं गोठण्याकडे सरकायचं.

काकांनी विचारलं, "मग वायरी बदलून भागणार नाही का?" भागलं असतं, काही महिने. या चिलरमध्ये रेफ्रिजरंट नळ्यांत असतो आणि पाणी भोवतीच्या पिंपात, दोघं समोरासमोर वाहणारे. रेफ्रिजरंट बाहेर पडतो तिथे त्याला परतलेलं कोमट पाणी भेटावं लागतं, म्हणजे उरलेला थेंब न् थेंब वाफ होतो. प्रवाह उलटा असेल तर तिथे सर्वांत गार पाणी असतं. वाफ अपुरी राहते, द्रव थेट कॉम्प्रेसरकडे जाऊ शकतो आणि कॉम्प्रेसरला द्रव सोसत नाही. नंतरच्या उन्हाळ्यात, थिएटरमध्ये कोणी टेबलावर असताना, ही गोष्ट कळावी असं मला वाटत नव्हतं.

रात्रीच अहवाल लिहिला. सकाळी दोन चिलर सुपूर्द झाले, तिसरा नाही. थोडी नाराजी झाली. पुढे तिसऱ्याचे व्हॉल्व्ह बंद करून तेवढंच पाणी काढलं, पाइप कापून अदलाबदल केली, प्रेशर टेस्ट घेतली, फ्लशिंग केलं. पूर्ण लोडवर 'इन' बारा आणि 'आउट' साडेसहा आले, तेव्हाच सही केली.

या क्षेत्रात असाल तर एवढं करा. सेन्सरची वायर सोडवण्याआधी एकच गेज दोन्ही टोकांना लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.