ओल्या दिवसांत परत येणारा वास

गेल्या पावसाळ्यात आमच्या मन्याला पंधरा दिवसांची शिक्षा झाली होती. रात्रभर बाल्कनीत. गुन्हा असा, की दिवाणखान्यातल्या सतरंजीवर त्याने पुन्हा शू केली. सूनबाईची तशी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर माझीही.

पुन्हा म्हणायचं कारण, एप्रिलात त्याने ते खरोखरच केलं होतं. आम्ही तीन दिवस लग्नाला गेलो होतो. शेजाऱ्यांनी त्याला खाऊ घातलं, पण ट्रेमधली वाळू बदलायची राहून गेली. मांजर घाण वाळूत पाय ठेवत नाही. त्याने जवळची मऊ जागा शोधली, आणि ती नेमकी माझ्या आईची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची हातमागाची सतरंजी होती. मी ती साबणाच्या पावडरीत भिजवली, खळखळून धुतली, गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवली. नाक लावून पाहिलं. काही नाही!

जूनमध्ये पाऊस लागला आणि तोच उग्र वास घरभर. मी घाईघाईने फिनेल ओतलं. तेही चुकलंच, कारण फिनेलसारखी द्रव्यं मांजराला विषारी असतात. शेवटी सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकली आणि मन्याला बाहेर काढलं. आठवडाभराने धो धो पावसाच्या रात्री कपाटावरूनच वास यायला लागला. तिथे मन्या कधी चढलेला नाही, चढू शकतही नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की शू एप्रिलचीच आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाई, साबणाने युरिया गेला, पण युरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे बारीक स्फटिक सुताच्या पिळात अडकून बसतात. हवा कोरडी असली की गप्प, दमट झाली की वास सुरू." शिवाय मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचं एक द्रव्य असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून गंधकाचा तीव्र वास सुटतो. म्हणून ताज्यापेक्षा शिळा डाग जास्त घाण येतो. व्हिनेगरने अमोनियाचा वास दबतो, पण युरिक आम्ल तसंच राहतं. खायचा सोडा थोडा वास शोषतो, इतकंच. ब्लीच तर घालूच नका म्हणाली, मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो.

उपाय एकच, एन्झाइमचं द्रावण. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. पण ते शिंपडून भागत नाही, मूत्र जिथवर मुरलं तिथवर मुरावं लागतं.

आधी मी लाल पट्टीवर ओला पांढरा रुमाल अर्धा तास दाबून ठेवला. रुमाल गुलाबी झाला. रंग सुटणार हे कळलं, म्हणून गरम पाणी बाद. तसंही गरम पाण्याने एन्झाइम मरतात. मग गार पाण्याने पाच वेळा नुसतं खळबळलं, कारण साबण आणि फिनेल उरलं तर एन्झाइम कामच करत नाहीत. डागाची हद्द शोधायला नातवाने निळी-जांभळी टॉर्च आणली, पण साबणातल्या सफेदीमुळे सगळी सतरंजीच चमकायला लागली. शेवटी हुंगूनच हद्द ठरवली आणि खडूने आखली. शिक्षिकेची सवय, दुसरं काय!

सतरंजी पिळून, पसरून, आखलेल्या हद्दीच्या वीतभर बाहेरपर्यंत दोन्ही बाजूंनी द्रावण ओतलं. खालून ओलं लागेपर्यंत. वर प्लॅस्टिक घातलं आणि चोवीस तास सावलीत ठेवलं, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. मधे वास उलट वाढला. सूनबाई नाक धरून म्हणाली, "आई, हे बरं होतंय की बिघडतंय?" ते फुटणाऱ्या द्रव्यांचंच लक्षण होतं. दुसऱ्या दिवशी गार पाण्याने धुऊन वाळवली.

वाळल्यावर नाक लावायचा मोह यंदा आवरला. कोरडी सतरंजी खोटंच सांगते. डागाच्या जागी पाण्याचा फवारा मारला, प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर बांधून ठेवली आणि मग पिशवी उघडली. एका कोपऱ्यात बारीकसा वास होता. तेवढ्या जागी पुन्हा द्रावण, पुन्हा चोवीस तास. दुसऱ्या खेपेला पिशवीतून फक्त ओल्या सुताचा वास आला.

दोन पांढऱ्या पट्ट्यांवर लाल रंग उतरला आहे, तो काही जाणार नाही. आईने पाहिलं असतं तर बोलली असती. मन्या आता त्याच पट्ट्यांवर झोपतो. वाळू मी रोज सकाळी स्वतः बदलते.