एका खणात किती बिन?

अटल बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट. मी लडाखमध्ये एका वर्कशॉपच्या स्पेअर स्टोअरचं काम बघत होतो. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे लगीनघाई. एकीकडे झोजिला आणि दुसरीकडे रोहतांग, दोन्ही खिंडी बर्फानं बंद झाल्या की रस्त्यानं काही येत नाही. जे मागवायचं ते आत्ताच. विमानानं येतं, पण त्यात रेशन, औषधं आणि माणसं आधी; लोखंडी रॅकना कोण विचारतो?

आमच्याकडे गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्लास्टिकच्या ४३० बिन येऊन पडल्या होत्या. रॅकचा मात्र नमुन्याचा एकच खण उभा होता. असे आणखी किती खण मागवायचे, हा आकडा दोन दिवसांत वर पाठवायचा होता. कारकुनानं तो तयार ठेवला होता: एकूण नऊ.

त्याचा हिशेब कागदावर बिनचूक होता. खण आतून १८० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल, खांब २४० सेंमी उंच. बिन ६० लांब, ४० रुंद, २२ उंच. खणाच्या घनफळाला बिनच्या घनफळानं भागलं की येतात ४९. चारशे तीसला ४९ नं भागा, नऊ खण. शाळेत या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

पण बिन म्हणजे पाणी नव्हे, की ओतलं आणि कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसलं. तिला अर्धं करून ठेवता येत नाही. म्हणून भागाकार घनफळाचा करायचा नसतो. रुंदीचा वेगळा, खोलीचा वेगळा, उंचीचा वेगळा करायचा आणि प्रत्येक वेळी अपूर्णांक टाकून द्यायचा. मी हवालदार साहेबांना म्हटलं, "चला, टेप घ्या आणि चार-पाच बिन भरून आणा." रिकाम्या नाही, भरलेल्या. त्याचं कारण पुढे येईल.

आधी रुंदी. १८० भागिले ४० म्हणजे साडेचार, म्हणून चार. उरलेले २० सेंमी वाया गेल्यासारखे वाटतात. बिन आडवी फिरवली तर १८० भागिले ६० बरोबर तीन येतात, एक सेंटीमीटरही वाया नाही. पण मग मागे फळीची २० सेंमी खोली रिकामी राहते आणि चाराच्या तीन होतात. शिवाय जे गणित 'बरोबर' बसतं ते रॅकमध्ये बसत नाही. भरलेली बिन कुशीला फुगते, आणि तिचा काठ तळापेक्षा रुंद असतो, त्यामुळे माप काठाशी घ्यायचं. खणाचं मापही दोन खांबांच्या आतल्या अंगाचं. यादीत बहुधा खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं लिहिलेलं असतं. आमच्या यादीत १९० होतं. चार बिन ठेवल्यावर २० सेंमी पाच फटींत वाटले जातात, प्रत्येकी चार. त्या फटीतच बोटं जातात. फट नसेल तर बिन ओढायला पेचकस लावावा लागतो आणि महिन्याभरात काठ तुटतात. थंडीत काही प्लास्टिक काचेसारखं कडक होतं, तेव्हा तर बघायलाच नको.

खोलीत एकच बिन. खरी गंमत उंचीत.

फळी आणि तिच्याखालची पट्टी मिळून सहा सेंमी जातात. बिन २२, म्हणजे २८ झाले. वर दोन सेंमी सोडले की बिन जराशी उचलून बाहेर ओढता येते: एकूण ३०. खांबाला दर पाच सेंमीवर भोकं होती, त्यामुळे ३० नेमकं जमतं. ती भोकं विसरून चालत नाही. तुमचं उत्तर ३१ आलं तर फळी ३५ वर जाते, मधे कुठे अडकवणार?

पण दोन सेंमीच्या फटीतून हात आत जात नाही. चार नट हवे असले तरी अख्खी बिन खाली उतरवायची. रोज लागणाऱ्या मालासाठी हे परवडत नाही. मी एका जवानाला हिवाळी हातमोजा घालायला लावला आणि फळी वर-खाली करून पाहिलं. बारा सेंमी मिळाले की मोज्यासकट हात आत जाऊन नट घेऊन बाहेर येत होता. म्हणजे अशा फळीचं अंतर ४०.

खाली जमिनीपासून दहा सेंमी सोडले, ओल आणि झाडू दोन्हींसाठी. मग फळ्या लागल्या १०, ४०, ७०, ११०, १५० आणि १८० सेंमीवर. ७० आणि ११० वरच्या फळ्यांना ४० चं अंतर, कारण त्या कमरेपासून छातीपर्यंत येतात आणि रोजचे फिल्टर, नट-बोल्ट तिथेच हवेत. बाकीच्यांना ३०.

कारकून म्हणाला, "साहेब, २१० वर अजून एक बसते की. खांब २४० चा आहे."

बसते खरी. मी आमच्यातल्या सगळ्यात बुटक्या गोरखा जवानाला बोलावलं. १८० वरची हलकी बिन त्यानं पुढच्या काठाला धरून नीट उतरवली. २१० वर त्याची बोटं जेमतेम फळीच्या कडेला लागली. साडेतीन हजार मीटर उंचीवर, शिडी आणून, डोक्यावरून बिन उतरवायची आणि तीही रात्री! सातवी फळी रद्द. सहा गुणिले चार, चोवीस.

वजनाचा प्रश्न राहिला. फळीवरच्या पाटीवर २०० किलो लिहिलं होतं, तेही सारखं पसरलेलं. आम्ही बिनला २५ किलोची मर्यादा घातली, कारण ती एका माणसानं ओढायची आहे. चार बिनचे शंभर, फळीला त्रास नाही. पण या बिनमध्ये आत साधारण चाळीस लिटर जागा असते. ती बोल्टनी काठोकाठ भरली तर शंभर किलोच्या वर जाते. तेव्हा बोल्टची बिन पावभागच भरायची आणि तोच बोल्ट चार बिनमध्ये वाटायचा. आमच्या ४३० मध्ये हे धरलेलं होतं. जिथे धरलेलं नसतं तिथे फळी मधोमध पोट काढते. दोरी ताणून धरली की लगेच दिसतं. आणि जागा वाढवायला कुणी सगळ्यात खालची फळी काढून टाकली तर खांबाचा मोकळा भाग लांब होतो आणि तो कमी वजनाला वाकतो. पाटीवरचा आकडा मग त्या खणाला लागूच होत नाही.

४३० भागिले २४, सतरा पूर्ण आणि वर बावीस बिन. अठरा खण. एक उभा होता, म्हणून मागणी गेली सतराची. एकूण नऊच खण धरले असते तर २१६ बिन बसल्या असत्या आणि २१४ रस्ता उघडेपर्यंत जमिनीवर, एकीवर एक. त्या ढिगात सगळ्यात तळाला स्टॅलियनचा नेमका कुठला भाग असता, हे कुठल्याही ईएमईवाल्याला सांगायला नको.

वरून विचारणा आलीच: एका खणात ४९ मावतात, तुम्ही २४ कसे धरता? मी उत्तरात फळ्यांच्या उंचीचं रेखाचित्र आणि खाली एक ओळ जोडली: हातमोजा घालून मोजले आहे. सतरा मंजूर झाले. वीस मीटरच्या शेडमध्ये नऊ-नऊच्या दोन रांगा लागल्या, आणि प्रत्येक रांगेला १७ मीटरच्या थोडं वर जागा लागली. जोडताना नवीन पोरं फळ्या सरसकट ३५ वर लावायला निघाली होती, दिसायला सारख्या दिसतात म्हणून. हवालदार साहेबांनी खडूनं प्रत्येक खांबावर सहा खुणा करून दिल्या.