गुंड उजळताना

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मांडणीसाठी वर्धेच्या आपल्या वसतिगृहातील मुली पितळी दिवे व तांब्याचा गुंड घासावयास घेतात. चिंचेच्या कोळात मीठ घालून चोळताच तांब्याचा काळपट थर आम्लाने विरघळतो. पितळेवर मात्र लिंबू फार वेळ राहू देऊ नये. जस्त निघून जाऊन तांबूस डाग उमटतात. म्हणून लगेच धुऊन चाळलेल्या राखेने घासावे; राख उरलेले आम्ल मारते. मग कोरडे पुसावे, नाहीतर हिरवट कळंक चढतो.

गुंड पुसताना मी झानू गावाविषयी सांगतो. अहमदाबाद जिल्ह्यातील या गावी १९३५च्या नोव्हेंबरात अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये ती नोंदवली आहे.

‘भांडी तांब्याची होती की पितळेची?’ एकीने विचारले.

नोंदीत एवढेच आहे : धातूची.